न्यायाधीश काय लिहून घेतात

सिनेमातल्या कोर्टात सगळ्यात मोठा आवाज वकिलाचा असतो. खऱ्या सत्र न्यायालयात साक्ष चालू असताना तासभर बसलात, तर कानावर सर्वात जास्त पडेल तो न्यायाधीशांचा आवाज. तो निकाल सुनावणारा नसतो, मजकूर सांगणारा असतो. वकील प्रश्न विचारतात, साक्षीदार उत्तर देतो, मग न्यायाधीश खाली बसलेल्या स्टेनोकडे वळून त्या प्रश्नोत्तरातून निघालेले वाक्य आपल्या शब्दांत सांगतात. पुढचा प्रश्न, पुढचे उत्तर, पुढचे वाक्य. मध्येच एखादा वकील उठून म्हणतो, ‘‘साहेब, साक्षीदार असं म्हणाला नाही.’’ मग त्या एका शब्दावरून पाच मिनिटे जातात. पाहुण्या माणसाला हे कंटाळवाणे वाटते, आणि खटला मात्र तिथेच जिंकला किंवा हरला जात असतो.

कोर्टाच्या सिनेमांची आणि नाटकांची ओळख करून देणाऱ्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना मी एकच कसोटी वापरणार आहे: या कलाकृतीत साक्ष नोंदवली जाते का? हातोडा आपटणारे न्यायाधीश (आपल्याकडे हातोडा नसतोच), गीतेवर हात ठेवलेला साक्षीदार (१९६९च्या शपथ कायद्यातल्या नमुन्यात कोणत्याही ग्रंथाचा उल्लेख नाही), काळ्या कोटाची फडफड या चुका वरवरच्या आहेत. त्या चालवून घेता येतात. पण खटला म्हणजे भाषणांची स्पर्धा, ही समजूत एकदा डोक्यात बसली की प्रेक्षकाला खऱ्या न्यायालयातले काहीच कळेनासे होते.

नोंद कशी होते ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. रात्री रस्त्यावर मारामारी झाली, पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसाने ती पाहिली. बचावाचा वकील विचारतो, ‘‘अंधार होता, त्यामुळे मारणाऱ्याचा चेहरा तुम्हाला दिसला नाही, बरोबर?’’ साक्षीदार म्हणतो, ‘‘अंधार होता साहेब, पण पानटपरीचा दिवा होता ना.’’ कागदावर येते ते साधारण असे: ‘‘हे खरे आहे की त्या वेळी अंधार होता. साक्षीदार स्वतःहून सांगतो की पानटपरीचा दिवा चालू होता. हे म्हणणे खरे नाही की मला मारणाऱ्याचा चेहरा दिसला नाही.’’ एका उत्तराची तीन वाक्ये झाली. पहिले बचावाच्या कामाचे, दुसरे सरकारी वकिलांच्या. ‘स्वतःहून सांगतो’ हे दोन शब्द तर फार बोलके आहेत. वकिलाने विचारलेले नसताना साक्षीदाराने जोडलेली ही माहिती आहे, हे पुढे वाचणाऱ्याला त्यावरून कळते. तिसऱ्या वाक्यातला नकार साक्षीदाराने तोंडाने स्पष्टपणे दिलेलाच नव्हता. तो लिहावा की नाही यावर बचावाचा वकील उभा राहणार आणि वाद होणार.

कायद्यात याला आधार आहे. सत्र खटल्यात साक्ष सर्वसाधारणपणे कथनाच्या रूपात लिहावी, गरज वाटल्यास न्यायाधीशांनी प्रश्नोत्तराच्या रूपात लिहावी, अशी तरतूद १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, आणि १ जुलै २०२४पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची आणि चूक असेल तर दुरुस्त करायची, हेही त्यातच आहे.

या कागदाला इतके वजन का, हे समजण्यासाठी ज्यूरीची गोष्ट थोडी सांगावी लागेल. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. सत्र न्यायालयातल्या नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने नानावटींना निर्दोष ठरवले. यावर आधारलेला २०१६चा ‘रुस्तम’ पाहून बाहेर पडणाऱ्याला वाटते की गोष्ट तिथे संपली. प्रत्यक्षात सत्र न्यायाधीशांना तो कौल इतका चुकीचा वाटला की त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे खुनाचा दोष सिद्ध होऊन जन्मठेप झाली आणि १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. भारतातला हा शेवटचा ज्यूरी खटला होता असे सर्रास सांगतात, तेही बरोबर नाही. काही ठिकाणी ज्यूरी त्यानंतरही बरीच वर्षे होती. १९७३च्या संहितेने मात्र फौजदारी खटल्यांतून ती पूर्णपणे हद्दपार केली. म्हणून १९८६चा ‘एक रुका हुआ फैसला’ अभिनयासाठी जरूर पाहावा, पण त्यातली खोली तोपर्यंत भारतात कुठेच उरलेली नव्हती. ती १९५७च्या अमेरिकी ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मधून आलेली आहे.

ज्यूरी असते तेव्हा खटल्याचे प्रेक्षक समोर बसलेले असतात. त्यांनी साक्षीदाराचा चेहरा पाहिलेला असतो, वकिलाचा स्वर ऐकलेला असतो, आणि काही दिवसांतच ते कौल देतात. तिथे वक्तृत्वाला भाव असणारच. आपल्याकडे साक्ष ऐकणारा माणूस आणि निकाल लिहिणारा माणूस एकच असेल याचीही खात्री नसते. खटला लांबतो, न्यायाधीशांची बदली होते, आणि नव्याने आलेल्या न्यायाधीशांना आधीच्यांनी नोंदवलेल्या साक्षीवरून पुढे जाण्याची मुभा कायदा देतो. त्यांनी पहिल्या साक्षीदाराचे तोंडही पाहिलेले नसते. पुढे अपिलात उच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींना तर कोणीच साक्षीदार दिसत नाही. त्यांच्यासमोर फक्त बांधलेले कागद असतात. साक्षीदार हुंदका देऊन थांबला, हे कोणी नोंदवले नाही, तर त्या कागदांपुरते ते घडलेच नाही. साक्षीदाराच्या वागण्याविषयी न्यायाधीशांना शेरा लिहिता येतो, पण तोसुद्धा लिहिला तरच.

ही गोष्ट लक्षात ठेवून २०१९चा ‘सेक्शन ३७५’ पाहा. सत्र न्यायालयाने शिक्षा केली आहे, आरोपी मुंबई उच्च न्यायालयात अपिलात आला आहे, आणि तिथे साक्षीदार पुन्हा बोलावून, जणू पहिल्यापासून, तपासले जात आहेत. अपिलात जादा पुरावा घेता येतो, नाही असे नाही; पण तो अपवाद आहे आणि त्यासाठी न्यायालयाला कारणे नोंदवावी लागतात. बाकी अपील म्हणजे दोन वकील जुन्या साक्षींची पाने उलटत वाद घालतात, ते. पडद्यावर दाखवायला हे अवघड, म्हणून दिग्दर्शकांनी सत्र न्यायालयच उचलून उच्च न्यायालयात नेले. चित्रपटाचे संवाद तरतरीत आहेत, वकिलांची जुगलबंदीही चांगली आहे. पण अपील म्हणजे काय, हे त्यातून शिकू नये.

आता या पुस्तकात ज्याला मी सर्वात वरचे स्थान देतो तो चित्रपट: चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. २०१४मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. गोष्ट चार ओळींची आहे. नारायण कांबळे हे वृद्ध लोकशाहीर आहेत. मॅनहोलमध्ये उतरून सफाई करणारा वासुदेव पवार मरतो. कांबळेंनी वस्तीतल्या कार्यक्रमात म्हटलेल्या गाण्यात सफाई कामगारांना जीव द्यायला सांगितले होते आणि ते ऐकून वासुदेवने आत्महत्या केली, असा पोलिसांचा दावा. गुन्हा आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम ३०६, ज्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कांबळेंची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती. २०२१मध्ये ते गेले.

या कलमाखाली सरकार पक्षाला नेमके काय सिद्ध करावे लागते, हे माहीत असेल तर चित्रपट वेगळाच दिसू लागतो. पहिली पायरी: मृत्यू आत्महत्येने झाला. दुसरी: आरोपीने त्या माणसाला जाणूनबुजून त्यासाठी उद्युक्त केले, आणि त्या उद्युक्त करण्याचा आत्महत्येशी थेट संबंध होता. पहिलीच पायरी निसटली तर दुसरीवर बोलण्याचे कारणच उरत नाही. प्रेक्षक म्हणून आपले लक्ष गाण्यावर जाते, शाहिराच्या राजकारणावर जाते, अभिव्यक्तीवर जाते. बचावाचा वकील विनय वोरा मात्र मॅनहोलकडे जातो. हा माणूस तिथे जीव द्यायला उतरला होता, की रोजच्यासारखा कामाला?

याचे उत्तर वासुदेवच्या विधवेच्या साक्षीतून येते, आणि हा प्रसंग मी सगळ्या भारतीय कोर्टपटांत पहिल्या क्रमांकावर ठेवतो. ती बाई हळू, सपाट आवाजात बोलते. नवऱ्याला सुरक्षेची साधने दिलेली नव्हती. तो दारू पिऊन खाली उतरायचा, कारण तो वास शुद्धीत सहन होत नसे. त्याचा एक डोळा या कामातच गेला होता. आत विषारी वायू आहे का, हे तो कसे पाहायचा, तर झुरळ दिसते का ते बघायचा: झुरळ जिवंत असेल तर खाली हवा आहे. एकही उत्तर एका वाक्याहून फार मोठे नाही. रडणे नाही, पार्श्वसंगीत नाही. न्यायाधीश ते उत्तर इंग्रजीत स्टेनोला सांगतात आणि वकील पुढचा प्रश्न विचारतो. गाळाच्या वायूची परीक्षा झुरळावरून करणारा माणूस सरकारी इंग्रजीच्या एका ओळीत बसवला जातो. आणि कायद्याच्या दृष्टीने, नेमकी ती ओळच सरकार पक्षाची पहिली पायरी काढून घेते, कारण अपघाती मृत्यूचा साधा, पटण्याजोगा पर्याय समोर आला की आत्महत्या संशयापलीकडे सिद्ध होत नाही.

वोरा तिथे भाषण करत नाही, हे पाहा. ‘न्यायमूर्ती महाराज, यावरून सिद्ध होते की...’ असे काही नाही. साक्षीच्या वेळी ते म्हणण्याची जागाच नसते. युक्तिवाद शेवटी, सगळे साक्षीदार झाल्यावर. साक्षीच्या दिवशी वकिलाचे काम एवढेच, की युक्तिवादाला लागणारी वाक्ये कागदावर आणून ठेवायची. सिनेमात वकील प्रश्न विचारता विचारता निष्कर्ष सांगू लागला, की समजावे, लेखकाने दोन वेगळे दिवस एकत्र शिवले आहेत.

दुसरी जागा सरकार पक्षाच्या साक्षीदाराची. कांबळेंनी ते गाणे म्हटले, असे सांगणारा माणूस उभा राहतो. वोरा दाखवून देतो की हाच माणूस पोलिसांच्या वतीने याआधीही साक्षीदार म्हणून उभा राहिलेला आहे. वकिलांच्या बोलीत याला ‘स्टॉक विटनेस’ म्हणतात. पंचनाम्याला पंच लागतात, रस्त्यावरचा माणूस कोर्टाच्या चकरांना घाबरून नाही म्हणतो, मग पोलीस ठाण्याच्या ओळखीतले तेच चेहरे पुन्हा पुन्हा पंच म्हणून सही करतात. जुन्या वकिलाच्या कपाटात अशा पंचांची यादी असते. सिनेमाने हे कुठेही समजावून सांगितलेले नाही. ज्याला कळले त्याला कळले.

सरकारी वकील नूतन कलमे भरधाव वाचते. १८७६चा नाट्यप्रयोग कायदाही बाहेर काढते. इंग्रजांनी केलेला हा कायदा तेव्हा केंद्राच्या पुस्तकात होता, चित्रपटानंतर काही वर्षांनी तो रद्द झाला. तिला खलनायिका केलेले नाही, आणि हे अतिशय खरे आहे. ती लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, कुटुंबाबरोबर नाटकाला जाते. तिच्यासाठी हे बोर्डावरचे एक प्रकरण आहे. गीतांजली कुलकर्णी यांनी ती इतकी नेमकी उभी केली आहे की कोणत्याही जिल्हा न्यायालयाच्या आवारात गेल्यावर ती भेटल्यासारखी वाटते. न्यायाधीश सदावर्ते एका बाईचे प्रकरण ऐकायला नकार देतात, कारण तिने बिनबाह्यांचे कपडे घातले आहेत. तारखा पडतात, साक्षीदार येत नाही, पुढच्या प्रकरणाचा पुकारा होतो. शेवटी कांबळेंना जामीन मिळतो आणि लगेच बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली पुन्हा अटक होते. या कायद्यात जामिनाची अट सामान्य गुन्ह्यांपेक्षा फार कडक आहे, म्हणून ही अटक पहिल्यापेक्षा वेगळ्या जातीची. तेवढ्यात उन्हाळ्याची सुट्टी लागते. निकाल आपल्याला दिसतच नाही.

काही गोष्टी ‘कोर्ट’नेही गाळल्या आहेत. दोषारोपपत्र दाखल होणे, आरोपीला त्याच्या प्रती मिळणे, आरोपनिश्चिती, सगळे साक्षीदार संपल्यावर न्यायाधीशांनी आरोपीला पुराव्यातला एकेक मुद्दा विचारणे, या पायऱ्या पडद्यावर जवळजवळ नाहीत. यातल्या प्रतींच्या पायरीवर थोडे थांबतो, कारण ती ठाऊक असली की निम्मे हिंदी कोर्टपट पाहताना हसू येते. पोलीस ज्यावर विसंबून आहेत ते साक्षीदारांचे जबाब, पंचनामे, अहवाल या सगळ्यांच्या प्रती आरोपीला खटला सुरू होण्याआधी फुकट द्याव्या लागतात. साक्षीदारांची यादी दोषारोपपत्रात असते. त्यामुळे शेवटच्या दिवशी दार ढकलून आत येणारा साक्षीदार आणि खिशातून निघणारा कागद, दोन्ही जवळजवळ अशक्य. न्यायालयाला कोणत्याही टप्प्यावर कोणालाही साक्षीला बोलावण्याचा अधिकार आहे हे खरे, पण त्यासाठी अर्ज होतो, दुसऱ्या बाजूचे म्हणणे घेतले जाते, आदेश होतो. दार ढकलले जात नाही.

हे ज्याने सर्वात मजेने दाखवले तो चित्रपट अमेरिकी आहे आणि विनोदी आहे: १९९२चा ‘माय कझिन व्हिनी’. दिग्दर्शक जोनाथन लिन केंब्रिजला कायदा शिकलेले. न्यूयॉर्कच्या दोन तरुणांवर अलाबामात दुकानातल्या माणसाच्या खुनाचा आरोप येतो आणि एकाचा चुलतभाऊ व्हिनी, ज्याने आयुष्यात खटला चालवलेला नाही, त्यांचा वकील होतो. सरकारी वकिलाची कागदपत्रे मिळवण्यासाठी तो त्याच्याबरोबर शिकारीला जातो, मैत्री करतो, कागद हाती आल्यावर छाती फुगवून परततो. त्याची मैत्रीण पुस्तक वाचून त्याला सांगते की ते कागद तुला द्यावेच लागतात, कायदाच आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याला जी गोष्ट एका व्याख्यानात शिकवतात, ती इथे दोन मिनिटांच्या हशात येते.

पण तो पाहायचा तो उलटतपासणीसाठी. एक साक्षीदार सांगतो की आरोपी दुकानात गेले आणि गोळीचा आवाज झाला, यात पाच मिनिटे गेली. हे कशावरून? तो न्याहारी करत होता. व्हिनी विचारतो, न्याहारीला काय होते? मक्याची पेज, म्हणजे तिकडची ग्रिट्स. झटपट होणारी की नेहमीची? नेहमीची, दक्षिणेतला स्वाभिमानी माणूस झटपटवाली खाणार नाही. नेहमीची शिजायला किती वेळ लागतो? सगळ्या ज्यूरीला माहीत आहे: वीस मिनिटे. मग तुमच्या चुलीवर पाच मिनिटांत कशी झाली? साक्षीदाराला खोटारडा म्हणण्याची गरजच पडत नाही. त्याने स्वतः दिलेल्या लहान लहान, निरुपद्रवी होकारांतून भिंत बांधली गेली, आणि ती पूर्ण झाल्यावर त्याला कळले की आपण आत आहोत.

आपल्या कायद्यातही उलटतपासणीत उत्तर सुचवणारे प्रश्न विचारता येतात, आणि सरतपासणीत, म्हणजे ज्याने साक्षीदार आणला त्याने विचारताना, वादाच्या मुद्द्यांवर ते विचारता येत नाहीत. पडद्यावर कोण बरोबर विचारतो हे ओळखण्याची सोपी खूण हीच. स्वतःच्याच साक्षीदाराला ‘तुम्ही त्याला चाकू मारताना पाहिलंत ना?’ असे विचारणारा सरकारी वकील दिसला की विरुद्ध बाजूने हरकत यायलाच हवी. व्हिनीच्या एका हरकतीचीही आठवण ठेवा. आयत्या वेळी आणलेल्या तज्ज्ञाला तो मुद्देसूद विरोध करतो, न्यायाधीश त्याच्या मांडणीचे कौतुक करतात आणि हरकत फेटाळतात. हरकत बरोबर होती. कोर्टात बरोबर असणे आणि जिंकणे यातले अंतर एवढ्या थोडक्यात इतरत्र क्वचितच दिसते.

भारतीय उलटतपासणीत मात्र एक पेच आहे जो अमेरिकी चित्रपटात सापडणार नाही, आणि आपल्या चित्रपटांनीही तो नीट दाखवलेला मला आठवत नाही. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि तो जबाब पुरावा म्हणून वाचता येत नाही. सरकार पक्षाच्या साक्षीदाराने कोर्टात वेगळे सांगितले, तर त्याला खोडण्यापुरताच तो वापरता येतो. समजा, साक्षीदार कोर्टात म्हणाला की मारणाऱ्याच्या हातात कोयता होता, आणि जबाबात लिहिले आहे ‘हातात काठी होती’. सिनेमात वकील कागद हवेत फडकावून ओरडेल. खऱ्या कोर्टात तो साक्षीदाराला जबाबातला तेवढाच भाग वाचून दाखवील. उत्तर बहुधा ठरलेले: ‘‘मी पोलिसांना असे सांगितले नाही. तसे का लिहिले आहे याचे कारण मी सांगू शकत नाही.’’ ते नोंदले जाते, आणि जबाबातल्या त्या ओळीभोवती खूण होते: पोर्शन मार्क ए. काम अजून अर्धेच झाले. अनेक महिन्यांनी तपासी अंमलदार पिंजऱ्यात येतो, तेव्हा त्याला तीच ओळ दाखवून विचारायचे, ‘साक्षीदाराने तुम्हाला हे सांगितले होते का?’ तो हो म्हणाला की मगच विसंगती सिद्ध. हा दुसरा प्रश्न विचारायला वकील विसरला, तर पहिल्या दिवशी घडवलेला सगळा प्रताप वाया जातो. शेवटच्या युक्तिवादात ती ओळ वाचता येत नाही. या एका विसरण्यावर उत्तम चित्रपट होईल असे मला नेहमी वाटते.

मराठी वाचकाच्या घरात मात्र एक कोर्ट १९६७पासूनच आहे. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे खटल्याचे वास्तव चित्रण नव्हेच. वेळ घालवण्यासाठी मांडलेले ते अभिरूप न्यायालय आहे. तरी या पुस्तकात त्याला जागा दिली आहे, ती उलट्या कारणाने. तेंडुलकरांनी न्याय्य खटल्याचा एकेक नियम घेतला आणि तो सर्वांसमक्ष मोडला. लीला बेणारेवर आरोप कोण ठेवते? तिचेच सहकारी, गंमत म्हणून, तिला न विचारता. सुखात्मे हेच फिर्यादीचे वकील, आणि आरोपीचेही. नुसती खुर्ची बदलायची. सामंत हा भोळा माणूस कादंबरीतला मजकूर स्वतः पाहिल्यासारखा सांगतो, आणि ऐकीव माहिती साक्ष म्हणून चालून जाते. साक्षीदार असलेले लोकच कोर्टाचे नोकरही आहेत. आणि मग सर्वात मोठी गोष्ट: न्यायाधीशाच्या खुर्चीतले काशीकर स्वतः उठून साक्षीला उभे राहतात. बेणारेला बचावासाठी वेळ मिळतो तो काही सेकंदांचा.

हे नाटक पाहताना अंगावर काटा येतो, तो केवळ बाईवर होणाऱ्या अन्यायाने नव्हे. प्रत्येक नियम मोडल्यावर त्याची जागा कोण घेते, हे स्पष्ट दिसते, म्हणूनही. न्यायाधीशाने साक्ष देऊ नये असे का, याचे पाठ्यपुस्तकातले उत्तर वाचण्यापेक्षा काशीकरांना खुर्चीतून उतरताना पाहणे जास्त शिकवते. मला तर वाटते, ‘कोर्ट’ आणि ‘शांतता’ लागोपाठ पाहावेत. पहिल्यात नियम पाळूनही माणूस तुरुंगात राहतो, दुसऱ्यात नियम नसल्यामुळे दोन तासांत एका बाईचे आयुष्य उघडे पडते.

उरलेल्या लोकप्रिय चित्रपटांविषयी थोडक्यात. ‘जॉली एलएलबी’मध्ये निर्दोष सुटलेल्या आरोपीचे प्रकरण जनहित याचिकेने खालच्या कोर्टात पुन्हा उघडले जाते. जनहित याचिका उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयातच होते, आणि सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. सरकारला अपील करता येते, ते वेगळे. तरी सौरभ शुक्लांचे न्यायाधीश त्रिपाठी, त्यांचा कंटाळा, त्यांचा मध्येच जागा होणारा कणा, हे सगळे अस्सल आहे. प्रक्रियेसाठी नव्हे, माणसांसाठी तो पाहा. ‘दामिनी’तला तारखांवरचा संवाद देशाला पाठ आहे, आणि तक्रार म्हणून तो रास्तही आहे. पण बलात्काराचा खटला खच्चून भरलेल्या दालनात चालताना दाखवला आहे. चित्रपट १९९३चा, असे खटले बंद दालनात चालवण्याची सक्ती १९८३पासून आहे. ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ हा १९५९चा चित्रपट मात्र संयमाने पाहावा. मूळ कादंबरी लिहिणारे मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते आणि पडद्यावरच्या न्यायाधीशांची भूमिका जोसेफ वेल्च या खऱ्या वकिलाने केली आहे. अशील सांगतो ती हकिगत वकिलाच्या खोलीत हळूहळू कायद्याच्या बचावाला कशी जुळत जाते, हे त्यात ज्या सभ्यपणे दाखवले आहे ते पाहून अनेक वकील अस्वस्थ होतात.

पुढच्या पानांत प्रत्येक चित्रपटाबरोबर तो खटला कोणत्या न्यायालयातला, कोणत्या टप्प्यावरचा, आणि कुठे कात्री लागली आहे, हे दिले आहे. वाचण्याआधी एक करून पाहा. ‘कोर्ट’ लावा, विधवेच्या साक्षीपाशी या, आणि ती बोलत असताना तिच्याकडे नव्हे, न्यायाधीशांकडे पाहा. तिने सांगितलेले काय कागदावर गेले आणि काय गेले नाही, याची आपली यादी करा.

मग जमल्यास आपल्या गावच्या सत्र न्यायालयात जा. घटनापीठांचे आणि काही उच्च न्यायालयांचे कामकाज आता मोबाइलवर दिसते, पण तिथे युक्तिवाद असतात, साक्षीदार नसतात. साक्ष पाहायची तर खालच्या कोर्टातच जावे लागते. फौजदारी न्यायालय कायद्याने खुले असते; बंद दालनातली प्रकरणे सोडून कोणालाही आत बसता येते. सकाळी अकराच्या सुमाराला पोहोचा, दाराबाहेरचा बोर्ड वाचा, पट्टेवाल्याला विचारा की आज साक्षीपुरावा कोणत्या दालनात आहे. फोन बंद ठेवा, मागच्या बाकावर बसा, आणि दोन-तीन तास काढण्याची तयारी ठेवा. पहिल्या दिवशी साक्षीदार बहुधा येणार नाही.